एकच कुटुंब, दोन चार्ट: वंशावळीवरून डॉमिनंट की रिसेसिव्ह कसं ओळखायचं

नागपुरात बी.एस्सी.ला पेडिग्री चार्टचं प्रॅक्टिकल आलं की बहुतेक जण जीभ गुंडाळता येणं किंवा कानाची पाळी चिकटलेली असणं हेच विषय घेतात. घरातल्या घरात माहिती मिळते, कुणाचं रक्त काढावं लागत नाही, तासाभरात जर्नल पूर्ण. अडचण अशी की हे गुण एका जनुकावर चालत नाहीत. जीभ गुंडाळण्याबाबत तर एकसारख्या जुळ्यांमध्येही एकाला जमतं आणि दुसऱ्याला नाही, हे १९५० च्या दशकातच दिसून आलं होतं. अशा गुणावरून डॉमिनंट की रिसेसिव्ह ठरवायला बसलं की उत्तर ओढूनताणून आणावं लागतं.

विदर्भात शिकायचं असेल तर सिकलसेल हा रक्ताचा आजार घ्यावा. तो एकाच जनुकातल्या एका बदलाने होतो. ११ व्या गुणसूत्रावरच्या या जनुकामुळे हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. त्याची रक्ततपासणी सरकारी दवाखान्यात होते, आणि आपल्याकडे वाहक असलेली घरं शोधायला लांब जावं लागत नाही. शिवाय नवख्यांना सहसा कुणी न सांगितलेली एक गोष्ट याच आजारावर नीट कळते: डॉमिनंट की रिसेसिव्ह याचं उत्तर तुम्ही चार्टमध्ये नेमकं काय काळं करता त्यावर अवलंबून असतं.

आधी काय रंगवायचं ते ठरवा

पेन्सिल हातात घेण्याआधी वहीत एक वाक्य लिहा: ‘काळं चिन्ह म्हणजे काय?’ ‘सिकलसेल आहे’ एवढं लिहून भागत नाही. आपल्याकडे ‘सिकलसेल आहे’ हे आजारी माणसाबद्दलही म्हणतात आणि ठणठणीत वाहकाबद्दलही. एक माणूस सांधेदुखीने आणि वारंवार रक्त कमी होऊन दवाखान्याच्या चकरा मारत असतो. त्याला एसएस पॅटर्न म्हणतात, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या. दुसऱ्याची एकच प्रत बदललेली असते, एएस पॅटर्न. त्याला सहसा काहीच त्रास नसतो आणि तपासणी केल्याशिवाय पत्ताही लागत नाही. या दोघांना एकाच रंगात रंगवलं की चार्ट कसलाच राहत नाही.

म्हणून आपण एकाच कुटुंबाचे दोन चार्ट काढू. पहिल्यात काळं म्हणजे ‘आजाराची लक्षणं आहेत’. दुसऱ्यात काळं म्हणजे ‘सोल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह आहे’.

माहिती कशी विचारायची

ज्या व्यक्तीमुळे आपण या घरापर्यंत पोचलो तिच्यापासून सुरुवात करायची. तिला प्रोबँड म्हणतात आणि चार्टमध्ये तिच्याकडे बाण दाखवतात. तिची भावंडं आधी, मग आईवडील, मग आईची बाजू आणि वडिलांची बाजू वेगवेगळ्या पानांवर. दोन्ही बाजू एकत्र विचारल्या की सासर-माहेरच्या गोष्टी एकमेकींत मिसळतात.

‘भाऊ’ म्हटलं की दर वेळी ‘सख्खा का?’ असं विचारा. चुलत, मावस, मामेभाऊ सगळे आपल्याकडे भाऊच असतात, आणि चुलतभाऊ सख्ख्याच्या ओळीत बसला की पुढचं सगळं गणित बिघडतं. ‘मुलं किती?’ असं विचारू नका, कारण उत्तरात हयात मुलंच मोजली जातात. ‘बाळंतपणं किती झाली?’ असं विचारलं की लहानपणी गेलेलं मूल आणि पडलेला गर्भ दोन्ही समजतात. हा प्रश्न सासूबाईंसमोर विचारण्यात अर्थ नाही. सून मान खाली घालते आणि ‘दोनच जी’ म्हणून मोकळी होते.

नात्यात लग्न झालं आहे का हेही थेट विचारा. मामाची मुलगी केली असेल तर ते लोक लपवत नाहीत, पण आपणहून सांगतही नाहीत, कारण त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटत नाही. आपल्या चार्टसाठी मात्र ती मोठी खूण आहे.

चार्टवर नावं लिहू नका. गल्लीत एका मुलीच्या नावापुढे ‘सिकल’ लागलं की तिचं लग्न अडतं, आणि तुमची वही कुणाच्या हाती लागेल याचा नेम नसतो. क्रमांक पुरतात.

चिन्हं आणि चार्ट

पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ. पती-पत्नींना जोडणारी आडवी रेघ. लग्न नात्यात असेल तर तीच रेघ दुहेरी. त्या रेघेतून खाली उतरणारी उभी रेघ मुलांकडे जाते आणि मुलं डावीकडून उजवीकडे वयाने उतरत्या क्रमाने मांडतात. मयत व्यक्तीच्या चिन्हावर तिरपी रेघ मारतात; खालच्या चित्रांत ती रेघ आणि प्रोबँडचा बाण सोडले आहेत, ते वहीत काढा. एक पिढी एका ओळीत. पुस्तकात पिढ्यांना रोमन आकडे देतात, इथे सोयीसाठी ‘३-२’ म्हणजे तिसऱ्या पिढीतली दुसरी व्यक्ती असं धरू.

सरावासाठी रचलेलं हे कुटुंब पाहा. इंदोऱ्याकडच्या एका घरातली ११ वर्षांची मुलगी हातपाय दुखतात म्हणून शाळा बुडवते, दर हिवाळ्यात दुखणं वाढतं, डोळे पिवळे दिसतात. तपासणीत तिला सिकलसेलचा आजार निघाला. तिच्या वडिलांनी मामाची मुलगी केली आहे. म्हणजे मुलीची वडिलांकडची आजी आणि आईचे वडील हे सख्खे बहीणभाऊ.

```
१               □─────○
                   │
               ┌───┴───┐
२        □─────○       □─────○
            │             │
         ┌──┴──┐       ┌──┴──┐
३        ○     □═══════○     □?
                   │
             ┌─────┼─────┐
४            □     ●     ○
```

पणजोबा-पणजी (१-१, १-२) हयात नाहीत. २-२ ही वडिलांची आई आणि २-३ हे आईचे वडील. ३-१ आत्या, ३-२ वडील, ३-३ आई. ३-४ हा आईचा धाकटा भाऊ चौथ्या वर्षी ताप आणि कावीळ होऊन गेला. तेव्हा कसलीच तपासणी झाली नव्हती. खालच्या ओळीत ४-१ मोठा मुलगा, ४-२ आपली प्रोबँड आणि ४-३ धाकटी मुलगी.

३-४ ला काळं करायचा मोह होतो, कारण कावीळ म्हटलं की सिकलसेल आठवतो. पण लहान मुलाला कावीळ होण्याची कारणं ढीगभर आहेत. पुरावा नसेल तर प्रश्नचिन्ह टाकायचं आणि निर्णय घेताना त्या चिन्हावर काही उभं करायचं नाही.

पहिला चार्ट वाचताना

वरच्या चित्रात काळं चिन्ह म्हणजे लक्षणं. काळी व्यक्ती एकच आहे आणि तिचे आईवडील दोघेही पांढरे. वंशावळ वाचताना सगळ्यात आधी असंच जोडपं शोधायचं: दोघेही गुण नसलेले, पण पोटी गुण असलेलं मूल. असं जोडपं सापडलं की गुण रिसेसिव्ह, आपल्या पुस्तकी मराठीत अप्रभावी, असण्याकडे काटा झुकतो. डॉमिनंट गुणाची एक प्रत जरी अंगात असली तरी तो दिसायला हवा. मग ती प्रत मुलीला ज्याच्याकडून आली तो आई किंवा बाप आजारी दिसला असता.

दुसरं पाहायचं ते मूल मुलगा आहे की मुलगी. एक्स गुणसूत्रावरचा रिसेसिव्ह गुण मुलीत दिसायचा असेल तर तिच्या दोन्ही एक्सवर तो हवा, आणि त्यातला एक एक्स बापाकडून येतो. बापाकडे एक्स एकच असतो, म्हणजे बापातही गुण दिसलाच पाहिजे. इथे बाप निरोगी आणि मुलगी आजारी, त्यामुळे एक्सचा मार्ग बंद झाला. आजारी मुलगा असता तर हे एवढ्या सहज म्हणता आलं नसतं.

दुहेरी रेघही त्याच बाजूने बोलते. पणजोबा किंवा पणजीकडची एकच बदललेली प्रत मुलीकडून एका वाटेने आणि मुलाकडून दुसऱ्या वाटेने खाली आली आणि चौथ्या पिढीत दोन्ही वाटा एका मुलीत मिळाल्या. दुर्मीळ रिसेसिव्ह आजार नात्यातल्या लग्नांत जास्त दिसतात त्याचं कारण हेच.

तरी ‘सिद्ध झालं’ असं लिहू नका. काळं चिन्ह एकच असेल तर नव्याने झालेल्या बदलाची शक्यता उरते. अकॉन्ड्रोप्लेझिया हा बुटकेपणाचा प्रकार डॉमिनंट आहे, तरी त्याची बहुतेक मुलं सर्वसाधारण उंचीच्या आईवडिलांना होतात, कारण बदल त्याच वेळी नव्याने घडलेला असतो. तोही चार्टवर असाच दिसेल: पांढरे आईवडील, एक काळं मूल. त्याच जोडप्याला दुसरं मूलही तसंच झालं तर मात्र नव्या बदलाची शंका जवळपास संपते.

दुसरा चार्ट

आता घरातल्या हयात माणसांची सोल्युबिलिटी टेस्ट करू. एका छोट्या नळीत साधारण २ मिलि द्रावण असतं. त्यात सोडियम डायथायोनाइट ऑक्सिजन काढून घेतं आणि सॅपोनिन तांबड्या पेशी फोडतं. बोटातून काढलेलं २० मायक्रोलिटर रक्त त्यात टाकून हलवायचं, पाचेक मिनिटं थांबायचं आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा आरपार दिसल्या तर निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह, म्हणजे रक्तात बदललेलं, एस प्रकारचं हिमोग्लोबिन आहे. ते एका प्रतीमुळे की दोन प्रतींमुळे हे ही नळी सांगत नाही.

आपल्या कुटुंबात निकाल असे आले: २-२ आजी, २-३ आईचे वडील, ३-२ वडील, ३-३ आई, ४-१ मुलगा आणि ४-२ मुलगी पॉझिटिव्ह. २-१ आजोबा, २-४ आईची आई, ३-१ आत्या आणि ४-३ धाकटी निगेटिव्ह. पहिली पिढी आणि ३-४ यांची तपासणी शक्य नव्हती. हे काळं-पांढरं करून चार्ट पुन्हा काढा.

```
१              □?─────○?
                   │
               ┌───┴───┐
२        □─────●       ■─────○
            │             │
         ┌──┴──┐       ┌──┴──┐
३        ○     ■═══════●     □?
                   │
             ┌─────┼─────┐
४            ■     ●     ○
```

चित्र एकदम पालटलं. जिथे पालकांची तपासणी झाली आहे तिथे प्रत्येक काळ्या व्यक्तीचा निदान एक पालक काळा आहे आणि एकही पिढी मधे सुटलेली नाही. पण या ‘प्रत्येक पिढीत दिसतो’ वर नवखे लोक जेवढा विसंबतात तेवढा विसंबू नये, तो नुसता इशारा आहे. निकाल लावणारं जोडपं तेच, ३-२ आणि ३-३. दोघेही पॉझिटिव्ह आणि धाकटी मुलगी निगेटिव्ह. गुण रिसेसिव्ह असता तर तो दिसणाऱ्या आईवडिलांकडे त्याच्याच दोन-दोन प्रती असत्या, द्यायला दुसरं काही नसतंच, आणि सगळी मुलं पॉझिटिव्ह निघाली असती. एक मूल निगेटिव्ह निघालं म्हणजे आईवडिलांकडे साधी प्रत लपलेली आहे. तेव्हा टेस्ट पॉझिटिव्ह येणं हा गुण डॉमिनंट, प्रभावी आहे.

एक्सवरचा डॉमिनंट असेल का? पॉझिटिव्ह बाप आपला एकुलता एक्स प्रत्येक मुलीला देतो, म्हणजे त्याच्या सगळ्या मुली पॉझिटिव्ह हव्या होत्या. ४-३ नाही. तोही मार्ग बंद. एवढी शांत बसलेली ४-३ दोन्ही प्रश्न एकटी सोडवते. म्हणूनच गुण नसलेल्या माणसांनाही चार्टमध्ये तितक्याच काळजीने बसवायचं असतं.

मग खरं काय?

दोन्ही. जनुक एकच, पण आपण दोन वेगळे गुण पाहिले. एएस माणसाच्या तांबड्या पेशीत साधारण ३५ ते ४० टक्के हिमोग्लोबिन एस प्रकारचं असतं. नळीत ऑक्सिजन काढून घेतल्यावर द्रावण गढूळ व्हायला तेवढं पुरतं, म्हणून टेस्टपुरती एक प्रत पुरेशी. शरीरात मात्र उरलेलं साधं हिमोग्लोबिन पेशीला वाकू देत नाही, म्हणून आजारासाठी दोन प्रती लागतात. डॉमिनंट किंवा रिसेसिव्ह हे विशेषण गुणाला लावायचं, जनुकाला नाही.

हा घोळ अभ्यासकांचाही झालेला आहे. १९२३ मध्ये टालिआफेरो आणि हक यांनी शरीराबाहेर काढलेल्या रक्तात पेशी विळ्यासारख्या वाकतात का हे पाहून वंशावळी मांडल्या आणि हे डॉमिनंट आहे असं म्हटलं. त्यांनी जे मोजलं त्यापुरतं ते बरोबरच होतं. आजारी मुलांच्या आईवडिलांची तपासणी करून, दोघेही वाहक असतात आणि आजाराला दोन प्रती लागतात, हे जेम्स नील यांनी १९४९ मध्ये दाखवलं.

चार्टवरून पुढचं

एएस की एसएस हे पक्कं करायला हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे करून दाखवणारी तपासणी, एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस, लागते. आपल्या कुटुंबात ४-२ एसएस निघाली, बाकीचे पॉझिटिव्ह एएस. हा अंदाज चार्टवरून आधीही करता आला असता. दोघे वाहक असले की दर गरोदरपणात चार शक्यता सारख्याच असतात: एक एए म्हणजे दोन्ही प्रती साध्या, दोन एएस, एक एसएस. ४-१ निरोगी आहे एवढंच माहीत असताना एसएसची शक्यता वगळायची, उरलेल्या तीनपैकी दोन वाहकाच्या. म्हणजे तो वाहक असण्याची शक्यता दोन तृतीयांश होती, अनेकांच्या तोंडी असते तशी निम्मी नाही.

आता ते प्रश्नचिन्ह. २-४ म्हणजे आईच्या आईचं एचपीएलसी पूर्ण नॉर्मल आलं. तिच्याकडे एस नाही, म्हणून तिच्या मुलाला, ३-४ ला, एसएस असणं शक्य नव्हतं, फार तर तो वाहक असेल. चौथ्या वर्षी त्याचा जीव गेला तो दुसऱ्या कशाने तरी. त्याला काळं केलं असतं तर २-४ ला विनाकारण वाहक ठरवून बसलो असतो.

चार्ट कुठे फसवतो

आपल्या भागात एक फसगत वारंवार होऊ शकते. एसएस असलेल्या बाईचं लग्न नकळत एएस माणसाशी झालं तर प्रत्येक मुलाला आजाराची शक्यता निम्मी. आई आजारी, मूल आजारी, आणि पुढच्या पिढीत सून वाहक निघाली तर नातूही आजारी. वरून खाली सरळ काळी रांग दिसते आणि लिहिणारा डॉमिनंट लिहून मोकळा होतो. जिथे वाहक बरेच असतात तिथे रिसेसिव्ह आजार असं सोंग घेतो. रांगेकडे पाहून निर्णय न देता, बाहेरून लग्न करून आलेल्या माणसांचीही तपासणी झाली आहे का ते पाहा.

दुसरी फसगत तपासणीची आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त असतं, त्यामुळे सोल्युबिलिटी निगेटिव्ह येऊ शकते. हिमोग्लोबिन फारच उतरलेलं असेल तरी तसंच होतं. नुकतं रक्त चढवलेल्या माणसाचं एचपीएलसी दात्याचं हिमोग्लोबिनही दाखवतं, आणि एसएसचा माणूस एएससारखा दिसतो. चार्टमध्ये निकालाशेजारी वय आणि शेवटचं रक्त कधी चढवलं ते लिहिलं तर असे निकाल लगेच नजरेत भरतात.

तिसरी जास्त नाजूक. मूल आजारी, आई एएस, आणि बापाची सोल्युबिलिटी निगेटिव्ह. चार्टच्या नियमात हे बसत नाही आणि घरात कुजबुज सुरू होते, तीही नेहमी बाईबद्दलच. तोंडातून शब्द काढण्याआधी बापाचं एचपीएलसी मागवा. त्यात ए-टू या प्रकारचं हिमोग्लोबिन साडेतीन टक्क्यांच्या वर असेल तर तो बहुधा बीटा थॅलेसेमियाचा वाहक आहे. आईकडून एस आणि बापाकडून थॅलेसेमिया मिळालेल्या मुलाला सिकल-बीटा थॅलेसेमिया होतो आणि तो एसएससारखाच त्रास देऊ शकतो. सोल्युबिलिटीची नळी फक्त एस शोधते, थॅलेसेमिया तिला दिसत नाही.

म्हणून ४-१ च्या लग्नाच्या वेळी होणाऱ्या जोडीदाराची नुसती सोल्युबिलिटी करून भागणार नाही, एचपीएलसीच करावं लागेल. आणि धाकटी ४-३? तिची टेस्ट सातव्या वर्षी झाली, तोपर्यंत तिला कधी रक्त चढवलेलं नव्हतं आणि हिमोग्लोबिनही चांगलं होतं. तिच्या वर्तुळाशेजारी तेवढं लिहून ठेवा, ते पांढरंच राहील.